४८ तासांच्या गेम जॅमला बसण्याआधी

गेम जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात गेम बनवणं. आधी नियम वाचा. विषय जॅम सुरू होतानाच कळतो हे खरं, पण बाकीचं प्रत्येक जॅमगणिक बदलतं. लुडम डेअर या ऑनलाइन जॅमच्या ‘कॉम्पो’ गटात एकट्यानेच ४८ तासांत चित्रं, आवाज सगळं नव्याने करावं लागतं. ‘जॅम’ गटात टीम चालते आणि ७२ तास मिळतात. आपण कुठल्या गटात उतरतोय ते आधीच ठरवा.

इंजिन हाताखालचंच घ्या. नवं शिकायला दुसरा कुठलाही शनिवार चालेल. आदल्या दिवशी एक रिकामा प्रोजेक्ट करा: बाणांच्या कळांनी हलणारा चौकोन आणि एक आवाज, बस्स. तो ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट करून itch.io या गेमच्या साइटवर खाजगी ड्राफ्ट म्हणून चढवून पाहा. हा कंटाळवाणा उद्योग टाळू नका, कारण गेम बुडतात ते बहुधा इथेच. विंडोज `Player.png` आणि `player.png` यांत फरक करत नाही, सर्व्हर करतो. मग आपल्याकडे नीट दिसणारं चित्र तिथे गायब होतं. शिवाय खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही, म्हणून सुरुवातीला ‘क्लिक करा’ असा एक पडदा ठेवा.

कल्पना मात्र आधी ठरवून नेऊ नका. ती कशी पारखायची तेवढं डोक्यात असू द्या. २०१७च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय होता ‘नॉट देअर’. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने त्यातला ‘नॉट’ उचलला: लाव्हात पडलेला बर्फ वितळू नये म्हणून ‘आइस इज नॉट मेल्ट’ असं वाक्य जुळवायचं. नियमातले शब्दच ढकलता येणारे ठोकळे झाले. अशा गेमला भारी चित्रं लागत नाहीत, कथा लागत नाही, आणि एक नियम उलटा केला की नवं कोडं तयार होतं. त्याच्या या गेमने, ‘बाबा इज यू’ने, तो जॅम जिंकला आणि मार्च २०१९मध्ये दोनशेहून जास्त कोड्यांसह पूर्ण गेम आला. जॅममध्ये सजावटीला वेळच नसतो, त्यामुळे मूळ कृतीत दम आहे की नाही ते दोन दिवसांत उघडं पडतं. बरेच नावाजलेले इंडी गेम अशा प्रोटोटाइपमधून निघाले ते म्हणूनच. (बहुतेक जॅम गेम तिथेच संपतात, हेही खरं.)

वेळ अशी बांधा: पहिल्या झोपेआधी राखाडी चौकोनांनी का होईना, गेम सुरू होऊन संपला पाहिजे. नाही संपला तर कल्पना कापा, झोप नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी हातात तो द्या आणि आपण गप्प बसा. ती व्यक्ती कुठे अडते ते लिहून घ्या. हरल्यावर न सांगता पुन्हा सुरू करते का, तेही. शेवटचे तीन तास फक्त बिल्ड, अपलोड आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा खेळून पाहणं. त्या वेळात नवीन फीचर सुचलं तर कागदावर लिहा, कोडमध्ये नको.