‘उद्या बहुतेक बंदच’ या वाक्याने झालेला घोळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या साहेबांनी रात्री कार्यालयाच्या ग्रुपवर लिहिलं, "पाऊस असाच राहिला तर उद्या बहुतेक बंदच. बघू सकाळी." खाली पंधरा अंगठे. सकाळी निम्मे घरी राहिले. बदलापूरची ताई मात्र पहाटेची लोकल पकडून निघाली आणि कुर्ल्याला रुळांवर पाणी असल्याने दोन तास अडकली. नंतर घरी राहिलेल्यांची रजा कापली गेली, ते मला फार लागलं.

पुढच्या रेड अलर्टला मी साहेबांना फोन करून चारच गोष्टी विचारल्या: बंद नक्की आहे का, कोणासाठी, पगाराचं काय, पुढचा निरोप कधी? "बहुतेक" हा शब्द मी नोटिशीत येऊच दिला नाही. मग हे पाठवलं:

"बुधवार, १६ जुलै रोजी अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे कार्यालय पूर्ण दिवस बंद राहील. कोणीही येऊ नये. लेखा विभागातील दोघे घरून काम करतील. दिवस भरपगारी असून रजा कापली जाणार नाही. गुरुवारचा निर्णय बुधवारी रात्री ८ वाजता याच ग्रुपवर कळवू. तोवर गुरुवार नेहमीप्रमाणे सुरू समजावा."

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं ठरलं. निरोप उशिरा आला तरी काय धरायचं ते ठरलेलं असतं. भरपगारीचं मात्र साहेबांकडून लेखी घेतल्याशिवाय लिहू नका. संपासाठीही हाच साचा वापरतो, फक्त तिथे गाड्या बंद असल्या तरी कार्यालय सुरू असू शकतं, म्हणून "पोहोचता न आल्यास १० वाजेपर्यंत कळवावे" हे जोडतो.