गॉगलमध्ये मकबरा आला कुठून? प्रतिबिंब बदलताना या चुका टाळा

फोटोची पार्श्वभूमी बदलली की गॉगलच्या काचेतले किंवा भिंतीवरच्या आरशातले दृश्यही बदलावे लागते, एवढे आता एडिटिंग करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मात्र त्या काचेत नेमके काय दिसायला हवे, याचा विचार करण्याआधीच त्यांचा हात माउसकडे जातो.

सर्वांत जास्त आढळणारी आणि मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे माणसाच्या मागे लावलेले दृश्यच त्याच्या गॉगलमध्ये चिकटवणे. छत्रपती संभाजीनगरातील एका स्टुडिओचा प्रीवेडिंग अल्बम छपाईपूर्वी माझ्याकडे तपासायला आला होता. नवरदेवाचा फोटो घराच्या गच्चीवर काढलेला होता, त्याच्या मागे बीबी का मकबरा बसवला होता, आणि काम करणाऱ्या मुलाने गॉगलमधली पाण्याची टाकी झाकून दोन्ही काचांतही मकबराच घातला होता. "सर, भारी दिसतंय की!" हे त्याचे उत्तर. मकबरा नवरदेवाच्या पाठीशीही आणि पुढ्यातही कसा, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

गॉगल चेहऱ्यासमोरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीमागचे दृश्य दाखवतो. मकबऱ्याचे मुख्य प्रवेशद्वार दक्षिणेला आहे. तेव्हा मकबरा पाठीशी घेऊन कारंज्यांच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाच्या काचेत मधोमध लहानसे प्रवेशद्वार, खाली वाट, वर आकाश आणि फोटो काढणाऱ्याची काळसर आकृती दिसायला हवी. संध्याकाळची वेळ असेल तर पश्चिम त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे फोटोत आपल्या डावीकडे येते, आणि सूर्याचा उजेडही दोन्ही काचांत डावीकडेच पडतो. वाटेवरून दक्षिणेकडे वळून काढलेल्या फोटोत मात्र पश्चिम उजवीकडे असते. म्हणूनच तो फोटो काचेत बसवण्यापूर्वी Flip Horizontal करून, म्हणजे डावे-उजवे उलटवून, घ्यावा लागतो. त्या मुलाने एक काच तयार करून दुसरीसाठी तीच उलटवली होती, त्यामुळे एका काचेत सूर्य डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे उगवला होता. दोन्ही काचांत दृश्य जवळजवळ तेच आणि त्याच दिशेने असते; काचांचा कल वेगळा असल्यामुळे ते थोडे सरकलेले असते, इतकेच.

माझी सवय साधी आहे. पार्श्वभूमीसाठी एखाद्या जागेचा फोटो काढला, की तेथेच मागे वळून विरुद्ध बाजूचाही एक रुंद फोटो काढून ठेवायचा. त्याला अर्धा मिनिट लागतो. तयार पार्श्वभूमी उतरवून घेणाऱ्यांना हा दुसरा फोटो कधीच मिळत नाही, आणि मग ते मागचेच दृश्य पुढे लावून मोकळे होतात.

दुसरी चूक घाईतून होते. जुने प्रतिबिंब तसेच ठेवून नवीन दृश्याचा लेयर Screen या ब्लेंडिंग मोडमध्ये टाकला जातो. या पद्धतीत खालचा भाग फक्त उजळतो, झाकला कधीच जात नाही, म्हणून पाण्याची टाकी नव्या आकाशातूनही डोकावत राहते. आधी काच स्वच्छ करावी: तिच्याच सर्वांत गडद भागातला रंग घेऊन वेगळ्या लेयरवर मऊ ब्रशने जुने दृश्य बुजवावे, पण कडेची बारीक चमक आणि वरच्या दांडीची सावली यांना हात लावू नये, कारण काच काचेसारखी वाटते ती या दोन गोष्टींमुळे. त्यानंतर दृश्य Warp ने काचेच्या फुगीरपणाप्रमाणे वाकवावे, म्हणजे इमारतीच्या उभ्या कडा मध्यभागी बाहेरच्या बाजूला फुगतील. साध्या काळ्या काचेतले आकाश खऱ्या आकाशापेक्षा बरेच गडद असते, त्यामुळे दृश्य झळाळू लागले की लेयरची तीव्रता कमी करावी. मान खाली झुकलेली असेल तर काचेत जमीन जास्त दिसते. पूर्ण उंचीच्या फोटोत काच बोटाच्या नखाएवढीही नसेल, तर वर उजळ आणि खाली गडद असा साधा उतार पुरतो. तेथे प्रवेशद्वार कोरत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे.

भिंतीवरच्या आरशाचे गणित थोडे वेगळे आहे. मेकअपच्या खोलीतल्या नवरीच्या फोटोतून शेजारचा कूलर पुसला जातो आणि आरशात तो तसाच राहतो, हे आपल्याकडच्या उन्हाळी लग्नांत हमखास पाहायला मिळते. आरशात कूलरची दुसरी बाजू दिसते आणि त्याच्या आड भिंतीचा वेगळाच भाग असतो, म्हणून खोलीतला पुसलेला तुकडा उलटवून तेथे डकवणे चालत नाही. शक्य असेल तेव्हा कूलर हलवून, कॅमेरा त्याच जागी ठेवून एक रिकामा फोटो घ्यावा. आरशापुरता तोच मास्क करून वापरला की काम होते. याउलट आरसा लटकवलेल्या भिंतीचा रंग बदलला म्हणून आरशातल्या भिंतीचाही रंग बदलू नये, कारण आरशात दिसते ती समोरची भिंत.

शेवटी आरशातल्या दृश्याच्या स्पष्टतेकडे पाहावे. तेथील वस्तूचे अंतर कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते वस्तू असे मिळून मोजले जाते, त्यामुळे फोकस आरशाच्या चौकटीवर असेल आणि पार्श्वभूमी धूसर होत असेल, तर आत बसवलेली लांबची भिंतही तितकीच धूसर करावी लागते.