पॅराबोला, इलिप्स, हायपरबोला: सूत्रं पाठ असूनही मार्क जातात, या चुका टाळा

कॉनिक्सचे जुने पेपर वर्षाप्रमाणे न सोडवता एकदा प्रश्नांप्रमाणे लावून बघा, म्हणजे सारखे दिसणारे प्रश्न शेजारी शेजारी ठेवा. लगेच लक्षात येतं की पेपर काढणारे नवीन वक्र फारसे शोधत बसत नाहीत, तीच इलिप्स, तोच हायपरबोला परत येतो, फक्त विचारलेली गोष्ट बदलते किंवा एखादा शब्द बदलतो. आणि मुलं चुकतात ती त्या बदललेल्या शब्दावर. सूत्र बहुतेकांना येतंच, पण ते सूत्र कुठल्या अटीवर लागू होतं ती अट कोणी पाठ करत नाही, सगळा घोळ तिथे आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे हे तीन प्रश्न. 2004 च्या एआयईईईत विचारलं होतं: इलिप्सचं केंद्र ओरिजिनवर, इसेंट्रिसिटी 1/2, एक डायरेक्ट्रिक्स x = 4, तर समीकरण सांगा. 2017 च्या जेईई मेनमध्ये: केंद्र ओरिजिनवर, इसेंट्रिसिटी 1/2, एक डायरेक्ट्रिक्स x = −4, तर (1, 3/2) या बिंदूपाशी नॉर्मलचं समीकरण सांगा. तेरा वर्षांनी तीच इलिप्स! a/e = 4 म्हणून a = 2, मग b² = a²(1 − e²) = 4 × 3/4 = 3, म्हणजे 3x² + 4y² = 12. 2017 वाल्याला फक्त पुढे नॉर्मल काढायचा होता, (1, 3/2) पाशी स्पर्शिकेचा स्लोप −1/2 येतो, नॉर्मलचा 2, समीकरण 4x − 2y = 1.

इथपर्यंत ठीक. पण मधे 2008 ला एआयईईईत हे आलं होतं: इलिप्सचा फोकस ओरिजिनवर, डायरेक्ट्रिक्स x = 4, इसेंट्रिसिटी 1/2, तर सेमी-मेजर ॲक्सिस किती? आकडे सगळे तेच, म्हणून ज्याने 2004 चा प्रश्न घोटून ठेवलाय त्याचा हात आपोआप a/e = 4 लिहितो आणि a = 2 काढून मोकळा होतो. चूक. a/e हे अंतर केंद्रापासून डायरेक्ट्रिक्सपर्यंतचं आहे, ओरिजिनपासूनचं नाही. प्रमाणित समीकरणात केंद्र ओरिजिनवर असतं म्हणून दोन्ही एकच वाटतात आणि वर्षभर तेच लिहून लिहून डोक्यात "x = a/e" एवढंच उरतं, "केंद्रापासून" हा शब्द गळून पडतो. इथे 4 हे फोकस आणि डायरेक्ट्रिक्समधलं अंतर आहे, म्हणजे a/e − ae = 4, त्यातून 2a − a/2 = 4 आणि a = 8/3.

सूत्र आठवत नसेल तरी हा प्रश्न सुटतो, आणि मला वाटतं हाच मार्ग आधी शिकावा. व्याख्या एवढीच की वक्रावरच्या कुठल्याही बिंदूचं फोकसपासूनचं अंतर = e × डायरेक्ट्रिक्सपासूनचं अंतर. x-अक्षावर फोकस 0 वर, रेषा 4 वर. दोघांच्या मधला व्हर्टेक्स x वर असेल तर x = (4 − x)/2, म्हणजे x = 4/3. दुसरा व्हर्टेक्स फोकसच्या पलीकडे, ओरिजिनच्या डावीकडे d अंतरावर, d = (4 + d)/2, म्हणजे d = 4. पूर्ण मेजर ॲक्सिस 4/3 + 4 = 16/3, अर्धा 8/3. झालं. यात थांबायची एक चुकीची जागा आहे ती म्हणजे 4/3, ते फोकसपासून जवळच्या व्हर्टेक्सचं अंतर आहे, a नाही. आणि ज्याचं a = 2 आलंय त्याने एकदाच a/e − ae काढून बघायचं, 4 − 1 = 3 येतं, दिलंय 4, म्हणजे कुठेतरी गडबड आहे हे तिथेच कळतं.

पॅराबोलात हीच चूक वेगळ्या रूपात येते. त्याच 2008 च्या पेपरात होतं: फोकस ओरिजिनवर, डायरेक्ट्रिक्स x = 2, तर व्हर्टेक्स कुठे? y² = 4ax इतकं अंगवळणी पडलेलं असतं की व्हर्टेक्स म्हणजे (0, 0) असं वाटत राहतं. व्हर्टेक्स नेहमी फोकस आणि डायरेक्ट्रिक्सच्या बरोबर मधे, म्हणून (1, 0). आकृती काढली तर हा दहा सेकंदाचा प्रश्न आहे, आकृती न काढता पाच मिनिटं जातात. त्याचा मोठा भाऊ म्हणजे 2001 च्या आयआयटी स्क्रीनिंगचा: y² + 4y + 4x + 2 = 0 ची डायरेक्ट्रिक्स सांगा. पूर्ण वर्ग केला की (y + 2)² = −4(x − 1/2). इथे दोन ठिकाणी घसरतात, एक तर 4x बघून a = 1 म्हणून सरळ x = −1 लिहितात, नाहीतर व्हर्टेक्स बरोबर (1/2, −2) काढतात पण मायनस विसरतात आणि 1/2 − 1 करून x = −1/2 लिहितात. मायनस म्हणजे वक्र डावीकडे उघडतो, मग डायरेक्ट्रिक्स उजवीकडेच असणार, 1/2 + 1, म्हणजे x = 3/2. खात्री करायची असेल तर वक्रावरचा एक सोपा बिंदू घ्या, y = 0 ठेवलं तर x = −1/2. फोकस आहे (−1/2, −2), त्याच्यापासून अंतर 2, आणि x = 3/2 पासूनही अंतर 2. जुळलं.

आता इलिप्सची दुसरी सवय, a म्हणजे मोठा आणि b म्हणजे लहान असं धरून चालणं. 8 एप्रिल 2019 च्या जेईई मेनमधला प्रश्न बघा: केंद्र ओरिजिनवर, मेजर आणि मायनर ॲक्सिसच्या लांबीतला फरक 10, एक फोकस (0, 5√3), लॅटस रेक्टम किती? फोकस y-अक्षावर आहे म्हणजे इलिप्स उभी आहे, x²/a² + y²/b² = 1 मध्ये b मोठा. 2b − 2a = 10 म्हणून b − a = 5, आणि b² − a² = 75, त्यामुळे b + a = 15, म्हणजे b = 10, a = 5. आतापर्यंत सगळं बरोबर केलेली मुलं शेवटच्या ओळीत पाठ केलेलं 2b²/a टाकतात आणि 40 काढतात. पूर्ण इलिप्सची लांबीच 20 आहे, तिच्यातली एक जीवा 40 कशी असेल? उभ्या इलिप्सला 2a²/b, म्हणजे 2 × 25/10 = 5. सूत्र अक्षरात न लिहिता शब्दात लक्षात ठेवा, "लहानाचा वर्ग गुणिले दोन, भागिले मोठा", मग इलिप्स आडवी असो की उभी, फरक पडत नाही. हायपरबोलात मात्र हे चालत नाही हं, तिथे मोठं-लहान काही नसतं, b हा a पेक्षा मोठा पण असू शकतो. तिथे ज्या पदाचं चिन्ह प्लस आहे त्याच्या खालचा तो a², एवढंच बघायचं.

हायपरबोलाची खरी अडचण म्हणजे इलिप्सचं सूत्र त्यात घुसतं. b² = a²(1 − e²) की b² = a²(e² − 1)? 2016 च्या जेईई मेनमध्ये: लॅटस रेक्टम 8, आणि कॉन्जुगेट ॲक्सिसची लांबी ही दोन फोकसमधल्या अंतराच्या निम्मी, तर इसेंट्रिसिटी किती? 2b = ½ × 2ae, म्हणजे 2b = ae, वर्ग करून 4b² = a²e². बरोबर संबंध टाकला तर 4(e² − 1) = e² आणि e = 2/√3. इलिप्सवाला टाकला तर 4(1 − e²) = e² आणि e = 2/√5, जे 1 पेक्षा लहान आहे, हायपरबोलाची इसेंट्रिसिटी कधीच 1 च्या खाली नसते, त्यामुळे उत्तर लिहायच्या आधी एवढं बघितलं तरी चूक पकडली जाते. आणखी एक, यात लॅटस रेक्टम 8 कुठेच वापरावा लागला नाही. काही जण "दिलंय म्हणजे वापरायलाच हवं" म्हणून त्यातच अडकून बसतात. e म्हणजे गुणोत्तर, वक्र कितीही मोठा-लहान केला तरी तेच राहतं, a आणि b चे आकडे हवे असते तर 8 लागला असता.

याच संबंधावर x²/cos²α − y²/sin²α = 1 हा हायपरबोला तर पेपर काढणाऱ्यांचा फारच लाडका. 2003 च्या आयआयटी स्क्रीनिंगला आणि परत 2007 च्या एआयईईईला विचारलं, α बदलला तर काय बदलत नाही? हायपरबोलात a²e² = a² + b², इथे ती बेरीज 1 येते, म्हणून फोकस कायम (±1, 0) वरच, व्हर्टेक्स आणि डायरेक्ट्रिक्स सरकतात पण फोकस हलत नाही. मग 9 जानेवारी 2019 ला तोच वक्र, अट अशी की θ हा 0 ते π/2 मधला आणि e > 2, लॅटस रेक्टम कुठल्या अंतरालात? e = 1/cosθ, म्हणजे cosθ < 1/2, लॅटस रेक्टम 2sin²θ/cosθ, म्हणून 3 पेक्षा जास्त, (3, ∞). ज्याने 2007 चं उत्तर नुसतं "फोकस" असं पाठ केलं त्याला इथे काही उपयोग नाही, ज्याने a = cosθ, b = sinθ लिहून बघितलं त्याचं काम दोन ओळीत.

उजवीकडे 1 आहे का हे पण बघत जा. 2003 च्या एआयईईईत x²/16 + y²/b² = 1 आणि x²/144 − y²/81 = 1/25 यांचे फोकस एकच आहेत, b² किती, असं होतं. 1/25 नजरेतून सुटला की हायपरबोलाचा c² = 225 धरला जातो, मग 16 − b² = 225, b² ऋण! आधी 25 ने गुणून घ्या, c² = 225/25 = 9, आणि b² = 7.

एक सांगायचं राहिलं, 2024 पासून जेईई मेनच्या अभ्यासक्रमात y = mx + c स्पर्शिका असण्याची अट दिलेली नाही, त्यामुळे जुन्या पेपरातले निव्वळ स्पर्शिकेचे प्रश्न जेईई मेनसाठी मागे ठेवले तरी चालतील, पण आपल्या अकरावीच्या बोर्डाच्या पुस्तकात स्पर्शिका आहे, कॉलेजच्या परीक्षेला ते सोडू नका.

आणि जुना पेपर सोडवताना उत्तर जुळलं म्हणजे पद्धत बरोबर असं समजू नका. 2006 चा प्रश्न घ्या: दोन फोकसमधलं अंतर 6, मायनर ॲक्सिस 8, इसेंट्रिसिटी किती? बरोबर रीत, ae = 3, b = 4, a = 5, e = 3/5. चुकीची रीत, 2 विसरून ae = 6, b = 8, a = 10, e परत 3/5! दोन्ही आकडे एकाच पटीत चुकले म्हणून गुणोत्तर तेच राहिलं आणि उत्तरसूचीशी टॅली झालं. म्हणून या प्रश्नात e वर न थांबता लॅटस रेक्टम पण काढा. 32/5 आला तर ठीक, 64/5 आला तर वर जाऊन बघा, 2 कुठे राहिला ते.