थोडं दिसत असताना काठी शिकताय? या चुका टाळा

पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि नडग्या दाखवल्या. “मॅडम, ही खूण उभ्या स्कूटरची, ही प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्याची, आणि ही ताजी आमच्याच घरातल्या टीपॉयची.” वय 46, बँकेत नोकरी, राहायला ठाण्यात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे आरपी. डोळ्यांच्या तक्त्यावर मात्र चष्मा लावून 6/9. पेपर वाचतात, नोटा मोजतात. सोबत त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्या काकू म्हणाल्या, “वरणातली मोहरी दिसते यांना, आणि समोर उभी असलेली मी दिसत नाही.”

काकूंना ते कोडं वाटत होतं, पण आरपीत हेच होतं. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग बाजूचं दिसणं आक्रसत जातं आणि मधली खिडकी बरीच वर्षं स्वच्छ राहते. यांची ती खिडकी साधारण 10 अंशांची उरली होती. मी मोबिलिटी, म्हणजे पांढरी काठी घेऊन एकट्याने चालणं शिकवते, आणि पूर्ण अंध माणसापेक्षा अशा अर्धवट दिसणाऱ्या माणसाला शिकवताना मला जास्त घाम फुटतो. कारण त्याचे डोळे काठीला तिचं काम करूच देत नाहीत.

खाली बघत चालणं

ठेच लागायला लागली की माणूस मान खाली घालतो. अगदी साहजिक, आणि इथे अगदी चूक. हिशेब करून बघा. 10 अंशांच्या खिडकीतून जेवढ्या लांब बघाल, त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी रुंदी दिसते. डोळ्यांपासून पावलांपर्यंतचं अंतर दीड मीटर धरलं, तर खाली बघताना जमिनीचा फक्त 26 सेंटिमीटरचा गोल दिसतो. जेवायच्या ताटाएवढा. तेच 10 मीटर लांब नजर टाकली तर पावणेदोन मीटर रुंदी मिळते, म्हणजे समोरून येणारा माणूस, उभा टेम्पो, गल्लीचं तोंड, सगळं त्यात मावतं.

म्हणून कामाची वाटणी करायची. जमीन काठीची, लांबचं डोळ्यांचं. काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही. झाडाची वाकलेली फांदी, बाहेर उघडलेली खिडकी, टेम्पोच्या मागे लटकणारे बांबू हे तिच्या वरून थेट कपाळावर येतात. तेव्हा नजर वर हवीच, आणि उन्हात पुढे झाप असलेली टोपीही हवी. डोळ्यावर येणारी तिरीप ती अडवते आणि फांदीचा पहिला दणका टोपीला बसतो.

लांबची नजरही भिरभिरती नको. कोपऱ्यावर थांबून आधी सरळ लांब, मग डावीकडे सावकाश, मग उजवीकडे, पुन्हा सरळ. चालताना मान सतत हलवत राहिलं की चाल एका बाजूला सरकते. या गृहस्थांचं तेच व्हायचं. वीस पावलांत ते डाव्या भिंतीला जाऊन लागायचे.

आणखी एक गंमत म्हणजे काठी हातात आल्यावर ते काठीचं टोकच बघत चालायला लागले. हे जवळजवळ सगळेच करतात. घरच्यांनी मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला तर हनुवटी कुठे आहे ते लगेच कळतं.

आधाराची काठी आणि ही काठी

त्यांनी ऑनलाइन मागवलेली काठी 100 सेंटिमीटरची होती आणि त्यांची उंची 170. ही काठी भार टाकायची नाही, ती पुढचं चाचपायची असते. सरळ उभं धरल्यावर ती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे त्यांना कमीत कमी 120 सेंटिमीटरच्या आसपास हवी होती. भरभर चालणाऱ्याला आणखी थोडी लांब लागते. काठी आखूड आहे हे ओळखायची खूण सोपी: टोक अडथळ्याला लागतं न लागतं तोच पायही लागतो, आणि माणूस कमरेत वाकून चालतो.

फिरवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, अंध झालेल्या सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी बसवली. मुळात ती आजही तीच आहे. मूठ पोटासमोर मध्यभागी, तर्जनी काठीच्या अंगाला लावलेली, हलवायचं फक्त मनगट. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर जास्त जाईल, एवढंच. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे टेकलेलं असतं, कारण पुढचं पाऊल डावं असणार आणि त्याची जागा आत्ता तपासायची आहे. ताल चुकला की काठी आणि पाऊल एकाच बाजूला पडायला लागतात, म्हणजे तपासलेली जागा एक आणि पाय भलतीकडेच. चालता चालता ताल दुरुस्त करायला जाऊ नका. थांबा, काठी डावीकडे टेकवा, उजव्या पायाने पुन्हा सुरुवात करा.

दुसरी तक्रार नेहमीची: काठी अडकते आणि मूठ पोटात घुसते. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी बघता यात शिकणाऱ्याचा दोष फारसा नसतो. मूठ घट्ट आवळू नका, आणि बारीक टोक काढून जाड गोल किंवा फिरतं टोक बसवा. मग काठी उचलून टेकवण्याऐवजी जमिनीवरून सरकवत नेता येते. उतरत्या पायरीची आणि उघड्या गटाराची कड सरकत्या काठीला जास्त लवकर सापडते. टोक अचानक खाली गेलं की दोन्ही पाय जागच्या जागी थांबवायचे. ही सवय अंगात मुरेपर्यंत मी पायऱ्यांकडे जातच नाही.

सकाळी अकराला शिकून संध्याकाळी साडेसातला चालणं

आधीच्या ठिकाणी त्यांचे सगळे तास सकाळी झाले होते. सकाळी त्यांना अडचण नव्हतीच, म्हणून त्यांनी काठी नुसती हातात धरली आणि डोळ्यांनी चालले. खरा प्रश्न स्टेशनवरून घरी येतानाचा होता. दिव्याच्या झोतातून अंधाऱ्या गल्लीत शिरलं की आरपीच्या डोळ्यांना सरावायला फार वेळ लागतो, आणि समोरून गाडीचा हेडलाइट आला की उरलंसुरलंही जातं.

आम्ही तोच रस्ता तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने केला. पहिल्यांदा दिवसा उघड्या डोळ्यांनी, फक्त खुणा गोळा करायला. वडापावच्या गाडीचा वास त्यांनी मोठ्या हौसेने सांगितला, पण गाडी सोमवारी नसते. खूण अशी हवी जी हलत नाही: फुटपाथचा पायाला जाणवणारा उतार, काठी लागताच घणघणणारं लोखंडी झाकण, कंपाउंड वॉल संपते तो कोपरा. वास आणि आवाज मदतीला घ्यावेत, भिस्त त्यांच्यावर ठेवू नये. पावलं मोजण्याचंही तसंच आहे. घाईत, पावसात, पिशवी हातात असताना पावलाची लांबी बदलते.

दुसऱ्यांदा डोळ्यांवर पट्टी बांधून, शांत गल्लीत, मी दोन पावलं मागे. पट्टीने घाबरवायचं नसतं. पुढे कसं होईल याची रंगीत तालीम म्हणूनही ती बांधत नाही. डोळे बंद असले की हाताला काठीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं, एवढ्यासाठीच ती. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “आत्ता डावीकडे भिंत संपली ना?” काठी तिथे पोचलीही नव्हती, आवाज मोकळा झालेला त्यांना कळला होता. एकट्याने पट्टी बांधून रस्त्यावर उतरण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये.

तिसऱ्यांदा दिवेलागणीला, पट्टीशिवाय. इमारतीतून बाहेर पडताना दाराशी बाजूला उभं राहायचं, डोळे सरावू द्यायचे आणि मगच निघायचं. टॉर्च घ्यावा, पण टॉर्च आहे म्हणून काठी बॅगेत घालू नये. टॉर्च रस्ता उजळतो, खिडकी रुंद करत नाही.

काचबिंदू असेल तर

काचबिंदूत सगळ्यांची खिडकी अशी गोल नसते. कुणाचा वरचा भाग जातो, कुणाचा खालचा, आणि दोन्ही डोळ्यांचं सारखंच असेल असं नाही. जिथे दिसत नाही तिथे काळा डाग दिसेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या दृश्याने भरून काढतो, म्हणून रस्ता मोकळा वाटतो आणि मोटरसायकल ‘अचानक’ उगवते. शिकायला येताना फील्ड टेस्टचा, म्हणजे कुठल्या बाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीचा, कागद जरूर आणा. खालचा भाग गेला असेल तर पायऱ्या, लहान मुलं, बसायचे स्टूल हे आधी घ्यावं लागतं. वरचा गेला असेल तर फांद्या आणि फलक. शस्त्रक्रिया झालेली असेल तर पट्टी बांधण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि डोळ्यावर दाबून बसणारी पट्टी तर नकोच.

तोच कागद दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळीही लागतो. 2016 च्या कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, आणि 10 ते 40 अंशांमध्ये असेल तर अल्पदृष्टी. फक्त तक्त्यावरचा 6/9 दाखवलात तर समोरचा म्हणेल, तुम्हाला काय झालंय?

लोकलमधले लोकही तेच म्हणतात. हातात पांढरी काठी आणि नजर मोबाइलवर, म्हणजे नक्कीच सोंग. त्यावर वाद घालू नये. एक वाक्य तोंडात तयार ठेवावं: “मधलं दिसतं, बाजूचं दिसत नाही.” या गृहस्थांनी तीन आठवडे काठी घडी करून बॅगेतच ठेवली होती, ती याच भीतीने. त्या तीन आठवड्यांत नडगीवर आणखी एक खूण वाढली.

घरच्यांचं ‘जपून!’

काकू मागून दंडाला धरून ढकलायच्या आणि सारखं “जपून, जपून” म्हणायच्या. जपून म्हटल्यावर माणूस दचकून थांबतो, पण डावीकडे काय आहे की खाली, हे त्याला कळत नाही. आणि मागून ढकललेला माणूस प्रत्येक धोक्याला आधी भेटतो. मी दोघांची अदलाबदल केली. काकूंनी अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि काकांनी त्यांचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा. काकू पायरी उतरल्या की हात खाली जातो, न बोलता कळतं. अरुंद जागा आली की काकूंनी तो हात पाठीमागे न्यायचा, काका आपोआप त्यांच्या मागे येतात.

बोलायचंच असेल तर काय, कुठे आणि किती, एवढं सांगायचं. पहिल्या दिवशी काकूंना ते जमेना. तिसऱ्या दिवशी आम्ही भाजी मंडईपाशी होतो. त्यांच्या तोंडून सवयीने “जप...” निघालं, त्या थबकल्या, आणि म्हणाल्या, “अहो, दोन पायऱ्या, उतरत्या.”

काठीचं टोक तोवर पहिल्या पायरीच्या कडेला लागलेलं होतं. “कळलं,” काका म्हणाले.