मोंढा रोडवर जेसीबी नेण्याआधी

अतिक्रमण हटावची तारीख ठरली की नगरपरिषदेत आधी जेसीबीच्या भाड्याची आणि पोलीस बंदोबस्ताची चर्चा होते. मोहीम अडते ती मात्र कागदावर. म्हणून सुरुवात उपविधीच्या, म्हणजे दंडाचे दर ठरवणाऱ्या नगरपरिषदेच्या नियमांच्या फाईलपासून करा. तिच्यात ठराव, मसुदा प्रसिद्ध केल्याचा पुरावा, आलेल्या हरकती आणि त्यांवरचा निर्णय, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी राजपत्राचा अंक, सगळं ओळीने लागलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी फाईल ठरावावरच थांबलेली असते आणि त्याच ठरावाच्या जोरावर पावतीपुस्तकं छापून दंडवसुली चालू असते. ठराव म्हणजे उपविधी नव्हे. राजपत्रात न आलेल्या दराने घेतलेले पैसे कुणी मागायला आला तर द्यायला उत्तर नसतं. ठराव प्रशासकाच्या काळातला असेल, तर त्यांनी तो सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून केल्याचा उल्लेख आहे का, तेही बघा. पावती फाडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाने लेखी प्राधिकारपत्र काढून ठेवा.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडून रस्त्याची मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या आणि खुणा जागेवर रंगवून त्यांचे फोटो काढा. आपल्याकडे मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी, १९५४ चं खासरापत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा यांचा मेळ बसेलच असं नाही. इनाम जमिनीच्या कडेला तर हा वाद हमखास निघतो. रस्त्याची हद्द पक्की नसेल तर तेवढा तुकडा मोहिमेतून वगळा. त्या एका तुकड्यावरच्या स्थगितीने सगळा रोड अडकतो.

खरा वेळ यादी करण्यात घाला. समजा बसस्थानकापासून मोंढ्यापर्यंतचा रोड मोकळा करायचाय. नालीवर पत्र्याच्या टपऱ्या आहेत, कडेला फळांच्या हातगाड्या आहेत, एका दुकानाचा ओटा रस्त्यावर आलाय आणि त्याच दुकानावर मालकाने स्वतःच्या जागेत विनापरवाना मजला चढवलाय. सगळ्यांना एकाच मजकुराची नोटीस देणं म्हणजे स्वतःहून स्थगिती मागवणं.

टपऱ्या आणि ओटा सार्वजनिक रस्त्यावर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात घालून दिलेली पंधरा दिवसांच्या नोटिशीची पद्धत रस्ता, फुटपाथ, नदी किंवा जलसाठ्यावरच्या बांधकामाला लागू नाही. तरी मी छोटी मुदत देऊन पंचनामा करायला सांगेन. सामान हलवायला वेळ मिळाला की निम्मी भांडणं होतच नाहीत.

वरचा मजला मात्र त्या निकालात बसतो. मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस, तीच इमारतीवर चिकटवायची, जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल, मग सुनावणी आणि कारणांसह आदेश. नोटीस १ फेब्रुवारीला मिळाली तर निदान पंधरा दिवस थांबायचं. सुनावणी होऊन २५ फेब्रुवारीला आदेश दिला, तर पुढचे पंधरा दिवस, म्हणजे १२ मार्चपर्यंत, हात लावायचा नाही. पाडताना व्हिडिओ काढायचा. हे डावललं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून जाऊ शकते, म्हणून ओटा आणि मजला यांच्या फाईली पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा.

हातगाडीवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, त्याला त्या जागेवरून हलवायला तीस दिवसांची नोटीस लागते. तेव्हा नगर पथविक्रेता समितीचं इतिवृत्त आणि सर्वेक्षणाची यादी काढा. ती नसेल तर हातगाड्या या मोहिमेत घेऊच नका, साहेबांनी कितीही जोर लावला तरी. माल जप्त केला तर जागेवरच यादी करून प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. केळी गोदामात सडली की दुसऱ्या दिवशी मोर्चा नगरपरिषदेच्या दारात.

आदल्या आठवड्यात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात आणि औरंगाबाद खंडपीठात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे समोरच्याने अर्ज केला तर आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश सहसा निघत नाही. आठवडी बाजाराचा वार टाळा. पोलीस ठाण्याला द्यायच्या पत्रात कोणत्या ठिकाणी किती वाजता काम आहे ते लिहा. नुसतं ‘बंदोबस्त मिळावा’ लिहिलं की शेवटी दोन होमगार्ड येतात.

बांधकाम विभागाचं काम पण याच यादीत धरा. टपरी उचलली त्याच दिवशी नाली साफ करून झाकणं बसली नाहीत, तर आठ दिवसांत पत्रे परत उभे राहतात. नाली आणि कठड्याचा कार्यादेश आधीच काढा, ठेकेदाराचा माणूस जेसीबीबरोबरच जागेवर हवा, आणि पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी कोणता मुकादम तिथे चक्कर मारणार त्याचं नाव आदेशात लिहा.