फुकट व्हिडिओ बघणाऱ्यांना कोर्स किंवा पीडीएफ विकताना या चुका टाळा

शिवणकामाचं एक मराठी चॅनल डोळ्यांसमोर आणा. ताई साधं ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट असं सगळं वर्षानुवर्षं फुकट शिकवतायत. बघणाऱ्या बायका त्यांना ओळखीची माणसं मानतात. आता ताईंना पेपर पॅटर्नची, म्हणजे कापडावर ठेवून कापायच्या कागदी नमुन्यांची, पीडीएफ काढायचीय, किंमत ३४९ रुपये. भीती एकच: "आता हीसुद्धा पैशाच्या मागे लागली" असं कुणी म्हणायला नको. चॅनल केकचं असो, गच्चीवरच्या बागेचं असो की तबल्याचं, अडचण हीच असते. पण शिवणकामात ती फार स्वच्छ दिसते, म्हणून हेच उदाहरण शेवटपर्यंत धरतो.

व्हिडिओ अर्धवट तोडू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती बहुतेकांना चूक वाटतच नाही. व्हिडिओचं नाव "मुंढ्यात चुण्या का पडतात", आणि सातव्या मिनिटाला ताई म्हणतात, "याचं खरं कारण मी कोर्समध्ये सांगितलंय." बघणारी बाई मशीनवर अर्धं ब्लाउज ठेवून बसलीय. तिला त्या क्षणी आपण फसलो असंच वाटणार. आवाज कितीही गोड ठेवा, ही विक्री अंगावर आल्यासारखीच वाटते.

व्हिडिओच्या नावात जे कबूल केलंय ते व्हिडिओतच पूर्ण द्यायचं. मग विकायचं काय? जे व्हिडिओत मावतच नाही ते. ते शोधायला डोकं खाजवावं लागत नाही, कॉमेंट्समध्ये लिहिलेलं असतं. यूट्यूब स्टुडिओत कॉमेंट्सना प्रश्नांचा फिल्टर लावता येतो. तो लावून जुन्या, चांगल्या चाललेल्या तीन-चार व्हिडिओंखालचे प्रश्न वहीत उतरवून काढा. ताईंच्या व्हिडिओंखाली बहुधा एकच गोष्ट फिरून फिरून येईल: "ताई, ४२ चं दाखवा ना", "माझं माप ४४ आहे, हेच सूत्र चालेल का?"

नाही चालत, आणि का ते सांगण्यासारखं आहे. व्हिडिओत ३६ छातीचं ब्लाउज आहे, खांदा १४ इंच. त्याच प्रमाणात ४४ ला खांदा वाढवला तर तो १७ इंचांच्या पुढे जातो. छाती ८ इंचांनी वाढली म्हणून खांद्याचं हाड काही ३ इंचांनी रुंद होत नाही. असं कापलेलं ब्लाउज खांद्यावरून उतरतं आणि बाई समजते, आपल्यालाच शिवता येत नाही. हे कारण ताईंनी फुकट व्हिडिओत बिनधास्त सांगावं, ४४ ला खांदा कसा मोजायचा तेही दाखवावं. पण ३८ ते ४६ पर्यंतच्या प्रत्येक मापाचा मुंढा, गळा, बाही यांचा तयार कागद व्हिडिओत देता येत नाही. ती पीडीएफ. ज्ञान फुकट गेलं तरी तिची विक्री अडत नाही, उलट कारण नीट कळलेली बाईच आयता कागद मागते.

कधी बोलायचं, किती बोलायचं

व्हिडिओ सुरू होताच चाळीस सेकंद जाहिरात, मग विषय. हे चुकतंय का, ते ताडण्यासाठी स्टुडिओतला आलेख बघा, प्रेक्षक कुठे गळतात ते त्यात दिसतं. सुरुवातीला गळती सगळ्यांकडेच असते, तिचं मनावर घेऊ नका. पण जिथे पीडीएफचं नाव निघालं तिथेच रेघ खड्ड्यात गेली असेल, तर प्रश्न पीडीएफचा नाही, जागेचा आहे.

योग्य जागा म्हणजे काम हातात असताना. ताई ३६ चा पुढचा भाग कापून बाजूला ठेवतात आणि म्हणतात: "मी ३६ चं दाखवलं. तुमचं माप ४० च्या पुढे असेल तर खांदा आत्ता सांगितला तसा मोजून घ्या. मोजायचं नसेल तर तयार पॅटर्नची पीडीएफ आहे, ३४९ रुपये, लिंक खाली. चला, आता बाही." झालं. किंमत तोंडाने सांगितलेली बरी. किंमत लपवली की बघणाऱ्याला वाटतं, आत गेल्यावर काहीतरी गळ्यात मारणार. आणि "माझ्या लाडक्या मैत्रिणींनो, तुमच्या आग्रहाखातर" वगैरे गाळा. आग्रह खरा असला तरी ते वाक्य आता कुणी खरं मानत नाही.

प्रत्येक व्हिडिओत हे बोलायची गरज नाही. नऊवारीच्या व्हिडिओत ब्लाउज पॅटर्नची आठवण करून देणं म्हणजे पाहुण्यांना दारातच विमा पॉलिसी दाखवणं. त्यापेक्षा ज्या जुन्या व्हिडिओंखाली ४२-४४ चे प्रश्न आलेत, त्यांच्या वर्णनात अगदी पहिल्या ओळीत लिंक टाका, कारण खालच्या ओळी "आणखी" दाबल्याशिवाय दिसत नाहीत. एक कॉमेंट पिन करा. हे व्हिडिओ रोज बघितले जातात, तुम्ही एक शब्द न बोलता काम चालू राहतं.

शॉर्ट्सचं मात्र वेगळं. २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक दाबता येत नाहीत. तरी लोक अजून "लिंक खाली दिलीय" म्हणत राहतात, आणि बघणारी बोट आपटून आपटून चिडते. शॉर्टला तुमचाच मोठा व्हिडिओ जोडता येतो. तो जोडा, पीडीएफची गोष्ट तिथे येईल.

"फक्त आज रात्रीपर्यंत"

४९९९ खोडून ४९९, वर उलटं पळणारं घड्याळ, आणि पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर. ही गोष्ट फक्त वाईट दिसते असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला जी डार्क पॅटर्न्सविषयीची, म्हणजे ग्राहकाला भुलवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात खोटी घाई निर्माण करणं हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे. ग्राहकाला लाज वाटेल असं बटण ठेवणं हाही आहे. म्हणजे "नको, मला शिकायचंच नाही" असं बटण. परक्या दुकानात हे खपून जाईल कदाचित. पण तुमचा प्रेक्षक तोच आहे, परवाही येणार आहे, आणि सोमवारी संपलेली ऑफर गुरुवारी चालू दिसली तर तो बरोबर टिपतो.

पीडीएफला मर्यादा नसतेच, तेव्हा "शेवटच्या १० प्रती" ही सरळ थाप आहे. खरी मर्यादा कधी असते? ताईंनी लाइव्ह बॅच घेतली आणि प्रत्येकीच्या शिवलेल्या ब्लाउजचा फोटो बघून चूक सांगायची ठरवली, तर एका वेळी पंचवीस जणीच झेपतील. मग तसं सांगा: फोटो मी स्वतः बघते म्हणून पंचवीस. कारणासकट सांगितलेला आकडा कुणाला टोचत नाही.

कॉमेंटखाली लिंक चिकटवणं

कुणी विचारलं, "ताई, बाही जोडताना मागे ओढते, काय करू?" त्यावर उत्तर येतं: "कोर्समध्ये सविस्तर आहे, लिंक खाली 🙏". हे शंभर जण वाचतात आणि शंभर जणांना कळतं की आता इथे विचारण्यात अर्थ नाही. असं लिहा: "बाहीचा पुढचा आणि मागचा भाग उलटा लागलाय का ते आधी बघा, पुढची बाजू थोडी जास्त खोल कापलेली असते. तसं नसेल तर मुंढ्याचा गोल आणि बाहीचा गोल टेपने मोजा, बाहीचा कमी भरला तर ती ओढणारच." लिंक नाहीच. तिने पुढे स्वतः पॅटर्न मागितला तर द्या.

याच्याच बहिणीसारखी चूक व्हॉट्सअ‍ॅपवर होते. नंबर मिळाला की न विचारता ग्रुपमध्ये घालायचं. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि दोन दिवसांत कुणीतरी अनोळखी माणूस कुणालातरी "हाय" पाठवतो. दोष ताईंच्या माथी. सूचनाच द्यायच्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनल काढा, तिथे एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही, आणि यायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं.

लिंक दाबतात, घेत नाहीत

प्रत्येक व्हिडिओला थोडी वेगळी लिंक ठेवा, म्हणजे कोण कुठून आलं ते कळेल. लिंकच दाबली जात नसेल तर व्हिडिओतलं वाक्य किंवा जागा चुकली. दाबतात पण पैसे भरत नाहीत, तर लिंकवरून उघडणारं विक्रीचं पान चुकलं. आणि अशा वेळी लोक आवाज चढवतात, जास्त व्हिडिओत जास्त वेळा सांगतात. त्याने काही होत नाही, कारण अडलंय भलतीकडेच.

त्या पानावर बहुतेकदा "आत्मविश्वास वाढेल, घरबसल्या कमाई होईल" एवढंच असतं. बाईला हवं असतं वेगळं: कोणकोणती मापं आहेत, किती पानं, अस्तराचं धरलंय का, शिलाईची मार्जिन आत आहे की वेगळी सोडायची, एका पानाचा नमुना दिसेल का. आणि कुणी घेऊ नये तेही लिहा: "तुमचं माप ३६ च्या आत असेल तर पैसे घालवू नका, माझा फुकट व्हिडिओ पुरेसा आहे." या वाक्याने काही जणी परत जातील. ज्या राहतील त्या तक्रार करणार नाहीत.

तक्रारीवरून आठवलं. पॅटर्नच्या पीडीएफची सगळ्यात नेहमीची तक्रार असते "ब्लाउज घट्ट झालं", आणि दोष पॅटर्नचा नसतो. बाई फाइल झेरॉक्सच्या दुकानात पाठवते, दुकानदार सवयीने `Fit` वर प्रिंट काढतो, आणि सगळं जरा आकसतं. ९५ टक्के झालं तरी ४० छातीचा चौथा भाग १० इंचांऐवजी ९.५ होतो, आणि चारही भाग मिळून ब्लाउज २ इंचांनी कमी भरतं. म्हणून पीडीएफच्या पहिल्याच पानावर ४ इंचांचा चौकोन छापा आणि वर मोठ्या अक्षरांत दुकानदारासाठी लिहा: "`Actual size` किंवा १००% वर प्रिंट काढा." खाली बाईसाठी: "चौकोन टेपने मोजा. ४ इंच भरला नाही तर कापडाला कात्री लावू नका." फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायची, स्क्रीनशॉट काढून नाही, हेही तिथेच लिहून टाका.

एवढं करूनही एखादीचं कापड वाया जाईल आणि ती पैसे परत मागेल. किती दिवसांत परत देणार ते विक्रीच्या पानावर आधीच लिहिलेलं असावं, आणि मागितले की वाद न घालता द्यावेत. हो, पीडीएफ तिच्याकडे राहणारच, ती जावेला पाठवेलही. ते थांबवायला फाइलला पासवर्ड लावून प्रत्येक पानावर धमक्या छापत बसलात तर ज्यांनी सरळ पैसे भरले त्यांनाच त्रास होतो.