ब्रँड स्टोरीत पुन्हा चपलेचंच वर्णन? दुकानाचं पान लिहिताना या चुका टाळा

कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कुटुंबाचं ॲमेझॉनवरचं दुकान मी मध्यंतरी नव्यानं लिहून दिलं. चौदा प्रकारच्या चपला, फोटो चांगले, भाव रास्त. तरी गिऱ्हाईक मेसेज करून विचारायचं, "हे खरंच कोल्हापूरचं आहे का?" चपला अस्सल असल्याचं तर पानावर तीन ठिकाणी लिहिलेलं होतं. चपलेच्या वर्णनात होतं, ब्रँड स्टोरीत होतं, स्टोअरफ्रंटच्या पहिल्या पट्टीवरही होतं. तिन्हीकडे वाक्य जवळपास एकच: "शंभर टक्के अस्सल चामडं, हाताने शिवलेली, मऊ, टिकाऊ आणि आरामदायी." एकदा वाचलं की ती माहिती असते. तिसऱ्यांदा वाचताना मात्र वाटतं, हा माणूस एवढं का पटवतोय?

छोट्या विक्रेत्यांच्या पानांवर ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

ॲमेझॉनवर ब्रँड रजिस्ट्री झालेल्या विक्रेत्याला दोन वेगळ्या जागा मिळतात. एक म्हणजे स्टोअरफ्रंट, आपल्या ब्रँडचं स्वतंत्र, अनेक पानांचं दुकान. दुसरी म्हणजे ब्रँड स्टोरी, जी वस्तूच्या पानावर `From the brand` या मथळ्याखाली आडवी सरकणाऱ्या कार्डांमध्ये दिसते. ब्रँड स्टोरी एकदाच लिहायची आणि आपल्या सगळ्या वस्तूंना जोडायची, असंच बहुतेक जण करतात. इथेच घोळ होतो. या कुटुंबाच्या स्टोरीत "लाल गोंड्याची, बारीक वेणीची चप्पल" असं लिहिलेलं होतं आणि ते वाक्य लहान मुलांच्या साध्या चपलेच्या पानावरही झळकत होतं. वर फोटो एक, खाली मजकूर दुसरा. गिऱ्हाईकाला वाटणार, चुकीची वस्तू तर येणार नाही ना?

चूक आपल्या पानावर आहे का, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. एका वस्तूचं वर्णन, ब्रँड स्टोरी आणि स्टोअरफ्रंटचा मजकूर कागदावर छापून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. चामडं, रंग, माप, शिवण, वापर अशा वस्तूच्या गुणांबद्दलच्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा. वस्तूच्या वर्णनात रेघा भरपूर हव्यात. ब्रँड स्टोरीत मात्र एकही रेघ उरायला नको. आमच्या कागदावर स्टोरीतल्या नऊ वाक्यांपैकी आठ वाक्यांखाली रेघ आली. उरलेलं नववं वाक्य होतं "आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे."

मग स्टोरीत लिहायचं काय? ते मी गिऱ्हाइकांच्या मेसेजमधूनच काढलं. गेल्या काही महिन्यांतले प्रश्न आणि परत आलेल्या मालाची कारणं एका वहीत उतरवली आणि त्यांची तीन भागांत वाटणी केली. एकाच चपलेपुरता असलेला प्रश्न, म्हणजे टाच किती उंच, गोंडा निघतो का, याचं उत्तर त्या चपलेच्या वर्णनात. सगळ्या चपलांना लागू होणारा प्रश्न, म्हणजे माप कसं घ्यायचं, पावसात घातली तर काय, नवी असताना का टोचते, हे स्टोअरफ्रंटच्या वेगळ्या पानावर. माणसांबद्दलचा प्रश्न, म्हणजे कोण करतं, कुठे करतं, दोन्ही पायांच्या चपलांच्या रंगात थोडा फरक का, हे ब्रँड स्टोरीत. वाटणी झाल्यावर पुनरावृत्ती आपोआप कमी झाली, कारण प्रत्येक उत्तराला आपली एक जागा मिळाली.

स्टोरीसाठी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. जुन्या मजकुरात "आम्ही स्वतः पारंपरिक पद्धतीने चामडं कमावतो" असं होतं. घरातल्या थोरल्या काकांना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "आमच्यात कमवायचं काम आता न्हाई. वडील करायचे. आता कमावलेलं कातडं बाहेरनं घेतो, हितं कापतो आन् शिवतो." हे वाक्य ऐकून घरातला मुलगा अवघडला. त्याला वाटलं, हे लिहिलं तर दुकानाची किंमत कमी होईल. माझं मत उलट होतं आणि आजही आहे. जे आपण करत नाही ते सांगितलं की जे करतो त्यावर विश्वास बसतो. शिवाय खोटा दावा एकदा उघडा पडला की त्याच पानावरची खरी वाक्यंही संशयात येतात.

शेवटी ठरलेला मजकूर असा:

"पुढच्या खोलीत आमचा कारखाना आणि मागे घर. काका तळ कापतात आणि चामड्याच्या वादीनं शिवतात. आई आणि काकू वेण्या घालतात. चामडं आम्ही कमावत नाही, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं विकत घेतो. अशा चामड्याचा रंग प्रत्येक तुकड्यावर थोडा वेगळा उतरतो, म्हणून जोडी लावताना आम्ही तळ उजेडात शेजारी ठेवून बघतो. तरीही किंचित फरक राहतो."

यात "अस्सल" हा शब्द नाही, "टिकाऊ" नाही, "परंपरा" नाही. तरी कुठल्याही चपलेच्या पानावर हा मजकूर बसतो आणि रंगातल्या फरकाचं कारण गिऱ्हाइकाला माल हातात पडण्याआधीच कळतं. मला त्यातलं उजेडात तळ लावून बघण्याचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. काका ते रोज करतात, पण सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. तुमच्या घरातही अशी एखादी कृती असेलच. ती शोधायला "तुमची खासियत काय?" असं विचारू नका, त्यावर ठरलेलंच उत्तर येतं. कामावर बसलेल्या माणसाला विचारा, "माल पाठवायच्या आधी शेवटचं काय बघता?"

दुसरी चूक कोल्हापुरीच्या बाबतीत खास जपायची आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. बरेच विक्रेते हे वाचून पानावर सरळ "जीआय प्रमाणित" लिहून टाकतात. पण जीआय चपलेच्या प्रकाराला मिळालेलं असतं. ते वापरण्याचा हक्क मिळवायला प्रत्येक उत्पादकाला 1999 च्या जीआय कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि ती नोंदणी दहा वर्षांची असते. नोंदणी झाली असेल तर स्टोरीत ते साध्या वाक्यात, नोंदणी कुणाच्या नावावर आहे त्यासह लिहा. झाली नसेल तर फक्त गावाचं आणि जिल्ह्याचं नाव लिहा. मी ज्यांचं पान लिहिलं त्यांचा अर्ज तेव्हा व्हायचा होता, म्हणून आम्ही जीआयचा उल्लेख पूर्ण काढला. "शंभर वर्षांची परंपरा" हेही काढलं, कारण काकांना आजोबांपर्यंतचंच नक्की ठाऊक होतं. त्याजागी "तिसरी पिढी" आलं.

तिसरी अडचण तांत्रिक आहे, थोडक्यात सांगतो. ब्रँड स्टोरी मंजुरीला पाठवली आणि नाकारली गेली, तर बहुतेक वेळा मजकुरात पुढच्यापैकी काहीतरी असतं: फोन नंबर, व्हॉट्सॲप किंवा वेबसाइटचा पत्ता, किंमत किंवा सवलत, मोफत डिलिव्हरी, वॉरंटी किंवा पैसे परत देण्याचं वचन, "भारतात नंबर एक" असा दावा, गिऱ्हाइकाचा अभिप्राय. यातलं काहीच ब्रँड स्टोरीत चालत नाही. फोटोत लिहिलेला मजकूरही तपासला जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या कुटुंबाच्या स्टोरीत कार्डांमागे दिसणाऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोत दुकानाची पाटी होती आणि पाटीवर मोबाइल नंबर. मजकूर तीनदा बदलला तरी नकार येत राहिला, कारण दोष फोटोत होता. आम्ही पाटी सोडून आतल्या खोलीचा फोटो घेतला. वेणी घालणारे हात, शेजारी चामड्याच्या वादीचं बंडल, खिडकीचा उजेड.

त्या पार्श्वभूमीच्या फोटोचा आकार 1464 बाय 625 पिक्सेल ठेवायचा असतो. फोनवर तो बाजूंनी कापला जातो आणि कार्डं त्याच्यावर येतात, म्हणून फोटोवर अक्षरं लिहू नका. प्रिव्ह्यूमध्ये मोबाइलचं दृश्य आधी बघा, कारण आपलं गिऱ्हाईक बहुधा तेच बघणार आहे. विकत मिळणारे तयार फोटो मात्र अजिबात नकोत. राजस्थानी जुत्ती शिवणाऱ्या कारागिराचा फोटो कोल्हापुरीच्या पानावर मी स्वतः पाहिलाय. ज्याला चपलेतलं कळतं, तो तिथूनच परत फिरतो.

आता स्टोअरफ्रंट. जुन्या पानावर चौदा चपलांच्या चौदा चौकटी आणि प्रत्येकीखाली पुन्हा तेच नाव, तेच वर्णन. आम्ही पहिल्या पानावर फक्त चार वाटा ठेवल्या: रोजच्या वापरासाठी, लग्नकार्यासाठी, मुलांसाठी आणि "पहिल्यांदा घेताय?" ही शेवटची वाट मापाच्या आणि निगेच्या पानाकडे जाते. तिथे लिहिलंय की पाऊल कागदावर ठेवून रेघ काढा, सर्वांत लांब बोटापासून टाचेपर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि दोन्ही पायांपैकी मोठं माप धरा. नवी चप्पल कडक असते, सुरुवातीला रोज थोडा वेळच घालायची. पावसात भिजली तर सावलीत वाळवायची, उन्हात किंवा हीटरपुढे नाही, तसं केलं तर चामडं आखडतं. हे आधी चौदा वर्णनांत तुकड्यातुकड्यानं होतं आणि त्यातल्या दोन ठिकाणी मापाचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. आता मापांचा पूर्ण तक्ता या एकाच पानावर आहे. चपलेच्या वर्णनात फक्त त्या चपलेत मिळणाऱ्या मापांचे आकडे असतात, तेही याच तक्त्यातून घेतलेले.

पान बदलल्यावर मेसेजची वही बंद करू नका. प्रश्न अजून येतोय का, हे बघायला तीच कामाला येते. आमच्याकडे "कोल्हापूरचं आहे का" हा प्रश्न जवळपास थांबला, पण "करकर वाजते का" हा नवाच सुरू झाला. काही जणांना आवाज हवा असतो, काहींना अजिबात नको असतो. हा प्रश्न चपलेगणिक बदलतो, म्हणून त्याचं उत्तर स्टोरीत न घालता चौदाही वर्णनांत एकेक ओळ वाढवली. त्यासाठी काकांनी प्रत्येक जोडी घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि मी ऐकून लिहून घेतलं.